घोरतोय, म्हणजे झोपलाय?

हळदीची रात्र. दहाला डीजे बंद झाला, जेवणाच्या पंगती उठल्या, आणि मांडवामागे खुर्च्यांचं एक कोंडाळं तेवढं उरलं. त्यात नवऱ्या मुलाचे काका बसलेत, वय बावन्न. साडेअकरापर्यंत ते चांगले बोलत होते, जावयांची फिरकी घेत होते. मग शब्द अडखळायला लागले. मग एकच वाक्य तीनदा. मग मान छातीवर. "चढलीय यांना. झोपू दे, सकाळी उतरेल," कोणीतरी म्हणालं. चौघांनी उचलून आतल्या खोलीत गादीवर उताणं निजवलं, डोक्याखाली दोन उशा सरकवल्या, पंखा मोठा केला. पंधरा मिनिटांनी पुतण्या डोकावला. काका मोठमोठ्यानं घोरत होते. "गाढ झोपलेत," म्हणत त्यानं दार ओढून घेतलं.

हा प्रसंग मी रचलेला आहे, पण यातली एकही गोष्ट कोणाला अनोळखी वाटणार नाही. वाईट हेतू तर इथे कोणाचाच नाही. चौघांनी प्रेमानंच उचललं, पुतण्या काळजीनंच बघायला आला. चूक झाली ती त्या घोरण्याचा अर्थ लावण्यात.

काकांना रोज झोपेची एक छोटी गोळी लागते. डॉक्टरांनी कधीतरी लिहून दिलेली अल्प्राझोलाम, पुढे वर्षानुवर्षं चालूच राहिलेली. लग्नघरात चार दिवस झोप नाही म्हणून त्या रात्री त्यांनी दहा वाजता दोन घेतल्या आणि पुन्हा मित्रांत येऊन बसले. हे काकींखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं, आणि काकी मेंदीच्या खोलीत होत्या.

दारू आणि झोपेच्या गोळ्या या दोन वेगळ्या वस्तू असल्या, तरी मेंदूत त्या एकाच ब्रेकवर पाय ठेवतात. मेंदूचं काम शांत करणारी एक यंत्रणा असते, तिला दोघीही जोर देतात. थोडा जोर पडला की बरं वाटतं, गुंगी येते. जास्त पडला की माणूस बेशुद्ध होतो. त्याहून जास्त पडला की मानेच्या वर, मेंदूच्या तळाशी श्वासाचा ठेका धरून बसलेलं केंद्रच मंदावतं. डायझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम या घराण्यातल्या गोळ्या एकट्या असताना धडधाकट माणसाचा जीव क्वचितच घेतात. त्यामुळेच त्या निरुपद्रवी वाटतात. दारूच्या जोडीला मात्र त्यांचा हिशोब बदलतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी पोटात असेल, तर तो आणखी बिघडतो.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एप्रिल १९७५ मध्ये एकवीस वर्षांची कॅरेन अ‍ॅन क्विनलन मित्रांबरोबर एका पार्टीला गेली होती. पोटात फारसं अन्न नव्हतं, शामक औषध घेतलेलं होतं आणि त्यावर थोडी दारू. तिला भोवळ आल्यासारखं झालं, म्हणून मित्रांनी घरी आणून अंथरुणावर निजवलं. थोड्या वेळानं बघितलं तर श्वास बंद. नंतर न्यायालयात नोंद झाली ती अशी, की तिचा श्वास निदान दोनदा, दर खेपेला पंधरा-पंधरा मिनिटं थांबला होता, आणि तो नेमका का थांबला हे पुरतं उलगडलं नाही. ती शुद्धीवर कधीच आली नाही. व्हेंटिलेटर काढण्याच्या परवानगीसाठी तिच्या आईवडिलांनी दिलेला लढा आणि १९७६ चा निकाल जगभर गाजला, कायद्याच्या पुस्तकांत गेला. यंत्र काढल्यावरही ती १९८५ पर्यंत जगली, बेशुद्धीतच. दयामरणाच्या चर्चेत तिचं नाव आजही निघतं. त्या रात्रीच्या अंथरुणाबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही.

आता घोरण्याकडे येऊ. जीभ हा एक चांगला जाडजूड स्नायू आहे. साध्या झोपेतही तो थोडा सैल पडतो, पण श्वास अडला की मेंदू माणसाला ढोसतो, तो कूस बदलतो आणि वाट मोकळी होते. दारू आणि गोळ्यांच्या बेशुद्धीत ढोसणारा मेंदूच गप्प असतो. उताण्या माणसाची जीभ घशाच्या मागच्या भिंतीवर टेकते आणि उरलेल्या फटीतून हवा जाताना जो आवाज येतो, तो आपल्याला घोरण्यासारखा ऐकू येतो. त्यात पाणी खळखळल्यासारखी घुरघुर मिसळली असेल, तर घशात लाळ किंवा ओकारी साचली आहे. शुद्धीतल्या माणसाला अशा वेळी ठसका लागतो. याला लागत नाही. वर आलेलं अन्न मुकाट्यानं श्वासनळीत उतरतं. दोन उशा तर घातच करतात, कारण त्यांनी हनुवटी छातीला टेकते आणि आधीच अरुंद झालेली वाट दुमडते. मान खाली पडलेल्या माणसाला खुर्चीत बसवून ठेवण्यातही हाच धोका.

सव्वाबाराला काकी खोलीत आल्या. "अहो," त्यांनी हाक मारली. मग मोठ्यानं. मग खांदा हलवला. घोरण्यात खंड पडला, एक "हं" निघाला आणि पुन्हा तेच. पुढची दोन मिनिटं महत्त्वाची, कारण झोप आणि बेशुद्धी यांतला फरक घरच्या माणसालाही तपासता येतो.

आधी कानाशी मोठ्यानं नाव घेऊन हाक मारायची, खांदे हलवायचे. त्यानं काही झालं नाही, तर मान आणि खांदा यांच्यामधला जाड स्नायू बोटांच्या चिमटीत घट्ट दाबायचा. झोपलेला माणूस यावर डोळे उघडतो, हात झटकतो, शिवी देतो, काहीतरी कळेलसं बोलतो. नुसतं कण्हला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा तसाच पडला, तर ती जाग नव्हे. तिथे आणखी तपासत बसायचं नाही, फोन करायचा. तो ओळखीचा पट्टीचा पिणारा असेल, "याला क्वार्टरनं काही होत नाही" अशी त्याची ख्याती असेल, तरीही. रोजच्या सवयीनं माणूस कमी झिंगल्यासारखा दिसतो, पण श्वासाच्या केंद्राला त्या सवयीचं संरक्षण त्याच प्रमाणात मिळत नाही.

दुसरी तपासणी श्वासाची. त्यासाठी नाकापुढे हात धरून अंदाज बांधू नये. पोटाच्या वरच्या भागावर तळवा ठेवून, मोबाइलच्या घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचा मोह इथे आवरावा, कारण या श्वासाला नेम नसतो, तो चार भरभर येतो आणि मग थांबून राहतो. मोठ्या माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. आठपेक्षा कमी भरले, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठी पोकळी पडली, तर तो सरळ धोका. पुतण्यानं काकांचे मोजले, सात आले.

याशिवाय ओठ आणि नखं बघावीत. आपल्या सावळ्या रंगात निळेपणा लपतो, म्हणून मोबाइलच्या टॉर्चनं ओठ खाली ओढून आतली बाजू, हिरड्या आणि तळहात बघायचे. तिथे गुलाबीऐवजी करडी किंवा निळसर झाक दिसते. अंग गार आणि चिकट लागतं. पण नखं निळी पडायची वाट बघत बसू नये. ती शेवटी शेवटी पडतात, आणि जाग न येणं हे एकच लक्षण फोन करायला पुरेसं आहे.

इथे एक पाहुणे हमखास म्हणणार, "तासभर बघू, उतरायला लागेल." हिशोब उलटा आहे. पोटात आणि आतड्यात असलेली दारू शेवटच्या घोटानंतरही रक्तात भिनत राहते, भरल्या पोटी तर तास-दीड तास. म्हणजे माणूस आडवा पडल्यानंतरही त्याची चढतच असते. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो, त्यानं १८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क होतो. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निपटवतं. म्हणजे एकच क्वार्टर पुरती उतरायला सहा ते साडेआठ तास, आणि यकृताला घाई करायला लावणारा उपाय कोणाच्याही घरात नाही. कॉफीनं होत नाही, लिंबानं होत नाही, गार पाण्याच्या बादलीनं होत नाही. बादलीनं उलट नुकसानच होतं. दारूमुळे कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून अंगातली ऊब आधीच बाहेर पडत असते, त्यात ओले कपडे आणि वर पंखा.

पुतण्यानं १०८ लावला. ११२ लावला तरी चालतं. दारूचं नाव काढलं तर गाडी येणार नाही, या भीतीनं लोक "चक्कर आलीय" असं मोघम सांगतात. तसं करू नये. त्यानं सांगितलं ते असं : "वय बावन्न, दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही घेतल्यात, हलवून जाग येत नाही, मिनिटाला सात श्वास आहेत." या एका वाक्यात समोरच्याला हवं ते सगळं आहे. पत्ता सांगताना गाव, जवळची खूण आणि मांडवाकडे वळायची जागा सांगितली, फोन स्पीकरवर ठेवला आणि एका मुलाला दुचाकीवर हमरस्त्याला उभं केलं. लग्नाच्या कमानी सगळीकडे सारख्याच दिसतात.

गाडी येईपर्यंत करायचं मुख्य काम एकच, काकांना कुशीवर वळवायचं. त्यात एक युक्ती आहे, आणि ती जमली की सडपातळ बाईसुद्धा भारी माणसाला एकटी वळवू शकते. आधी उशा काढायच्या. चष्मा आणि खिशातला मोबाइल, किल्ल्या काढायच्या. शेजारी गुडघ्यांवर बसायचं. आपल्या बाजूचा त्याचा हात अंगापासून काटकोनात लांब करायचा, तळवा वर. पलीकडचा हात छातीवरून आपल्याकडे आणून त्याच्या तळहाताची पाठ आपल्या बाजूच्या गालाला लावायची आणि तिथेच धरून ठेवायची. आता आपल्या मोकळ्या हातानं त्याचा पलीकडचा गुडघा वर उचलायचा, पाऊल जमिनीला टेकलेलंच. मग तो गुडघा आपल्याकडे ओढायचा. गुडघा तरफेसारखा काम करतो, अंग आपोआप कुशीवर येतं. वरचा पाय कंबरेत आणि गुडघ्यात काटकोनात ठेवला की तो पुन्हा उताणा किंवा पालथा होत नाही. शेवटी कपाळ हलकेच मागे आणि हनुवटी पुढे करायची, तोंडाची दिशा जमिनीकडे, म्हणजे ओकारी आली तर ती बाहेर वाहील. गरोदर बाई असेल तर डावी कूस.

काकींनी हे केलं आणि घोरणं थांबलं. खोलीतले सगळे दचकले, पण जीभ पुढे सरकल्यावर वाट मोकळी होते आणि आवाज बंद होतो, हेच अपेक्षित आहे. तरी आवाज थांबला तो वाट मोकळी झाली म्हणून की श्वासच थांबला म्हणून, हे पोटावर हात ठेवूनच कळतं. पुतण्यानं पुन्हा मिनिट लावलं. आठ.

मग चादर पांघरली, पंखा बंद केला आणि बघ्यांना बाहेर काढलं. या वेळी घरात सल्ल्यांचा पूर येतो. मिठाचं पाणी पाजून ओकवा, ताक द्या, कांदा हुंगवा, तोंडात साखर घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही, कारण ते पोटात नाही तर फुप्फुसात जाईल. मिठाचं पाणी शुद्धीवरच्यालाही पाजू नये. त्यानं रक्तातलं मीठ जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. ओकारी आपसूक आली तर कुशीवरच ठेवून दिसेल तेवढी फडक्यानं पुसावी, दातांच्या आत बोटं घालून चाचपू नये.

काकींनी आणखी एक काम केलं, ते बहुतेकांना सुचत नाही. त्यांनी गोळ्यांची स्ट्रिप शोधली, किती घरं रिकामी आहेत ते बघितलं आणि सकाळी किती होती ते आठवून सांगितलं. स्ट्रिपवरचं नाव महत्त्वाचं. ती झोपेची गोळी न निघता ट्रॅमाडॉल निघाली, किंवा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक दिसल्या, तर अफूच्या कुळातलं औषध पोटात आहे. त्यावर नॅलॉक्सोनचा उतारा चालतो. दारूवर किंवा अल्प्राझोलामवर तो काही करत नाही.

तपासताना आणखी दोन गोष्टी मनात असाव्यात. पिणारा माणूस पडतो, आणि डोक्याच्या आत रक्तस्राव झाला तरी तो दारूत लोळल्यासारखाच दिसतो. केसांत हात फिरवून टेंगूळ, रक्त लागतंय का ते बघावं, आणि तो पडला होता का हे सोबतच्यांना खोदून विचारावं. पडला असेल तर वळवताना डोकं-मान अंगाच्या रेषेत धरावी, पण वळवायचं टाळू नये. दुसरी गोष्ट मधुमेहाची. दारू यकृताला साखर तयार करू देत नाही, त्यामुळे इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याची साखर खोल जाते आणि तीही नशेसारखीच दिसते. ते फोनवरच सांगावं.

हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल मिसळलं असेल, तर चित्र निराळं असतं. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसं गेली ती त्यानं. त्यात त्रास बारा-चोवीस तासांनी, उतरल्यासारखं वाटल्यावर सुरू होतो : पोटात कळा, डोळ्यांपुढे धुकं, आणि श्वास मंद नाही तर जलद, खोल. तसा माणूस चालत-बोलत असला तरी तडक इस्पितळात न्यायचा.

आणि श्वास थांबलाच तर? दहा सेकंद बघून छाती हलत नसेल, किंवा मासळीसारखा अधूनमधून एखादाच आचका येत असेल, तर तो आचका श्वास धरायचा नाही. माणसाला कडक जमिनीवर उताणं घ्यायचं, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. अशा रुग्णात मुळात प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून ज्याला शिकवलेलं आहे त्यानं दर तीस दाबांनंतर तोंडानं दोन श्वास द्यावेत. ज्याला येत नाही त्यानं नुसतं दाबत राहावं, दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा.

पोलिसांच्या भीतीनं फोन टाळला जातो, हेही बोललं पाहिजे, विशेषतः गोळ्या मुद्दाम घेतल्या असल्याची शंका असेल तेव्हा. असं प्रकरण इस्पितळ पोलिसांना कळवतं, हे खरं. पण आणीबाणीत उपचार आधी आणि कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच बजावलं आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही. अशा माणसाला जाग आल्यावरही एकटं सोडू नये, उरलेल्या गोळ्या घरातून हलवाव्यात. पुढचं बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

इस्पितळात काय करतात? दारूला उतारा नाही. अल्प्राझोलामच्या घराण्याला फ्लुमाझेनिल नावाचा आहे, पण रोज गोळी घेणाऱ्याला तो दिला तर झटके येऊ शकतात, आणि काका तर वर्षानुवर्षं घेणारे. म्हणून डॉक्टर बहुधा तो बाजूला ठेवतात. साखर तपासतात, प्राणवायू देतात, सलाइन लावतात, अगदीच लागलं तर घशात नळी घालून काही तास यंत्रावर श्वास देतात आणि यकृताला त्याचं काम संपवू देतात. थोडक्यात, श्वासाची वाट राखत बसतात. काकी तेच करत होत्या.

बारा पन्नासला गाडी आली. डॉक्टर आत आल्या, काकांच्या बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावलं आणि विचारलं, "कधीपासून असे आहेत?" पुतण्यानं आहेराचं एक पाकीट पुढे केलं. त्याच्या पाठीवर पेनानं लिहिलं होतं : १२.१५ सात, १२.२५ आठ, १२.३५ आठ, ओकारी एकदा, १२.४५ नऊ. खाली काकींच्या अक्षरात, दहा वाजता दोन गोळ्या. डॉक्टरांनी ते वाचलं, स्ट्रिपसकट खिशात टाकलं आणि स्ट्रेचर आत घ्यायला सांगितलं.